मे महिन्यात फ्रीजरमधे भरलेला बांगडा गणपतीनंतर खवट का लागतो, आणि बाकीचं नक्की किती महिने टिकतं

आमच्याकडे सलग तीन वर्षं एकच गोष्ट होत होती. मे महिन्यात मासे भरून ठेवायचे, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत बाजारात जे मिळतं ते एकतर लांबून बर्फात आलेलं नाहीतर महाग, आणि मग सप्टेंबरमधे गणपती झाल्यावर हौसेने पाकीट काढायचं तर बांगडा तव्यावर टाकल्या टाकल्या घरभर वास. सडल्याचा नाही हां, तो वेगळा असतो, हा वास म्हणजे देव्हाऱ्यातला समईचा तेलकट तळ घासायला घेतल्यावर जो येतो ना, तसा. पहिल्या वर्षी वाटलं मासाच शिळा मिळाला, दुसऱ्या वर्षी मासेवाली बदलली, तिसऱ्या वर्षी फ्रिज बिघडलाय म्हणून माणूस बोलावला, त्याने गॅस बघितला, ठीक आहे म्हणाला आणि तपासणीचे पैसे घेऊन गेला.

फ्रिज बंद पडलेला नव्हता, मासाही शिळा नव्हता. चूक आमच्या भरून ठेवण्याच्या पद्धतीत होती आणि ती बऱ्याच घरांत होते असं आता बोलल्यावर कळतं, म्हणून सविस्तर लिहितेय. मासे न खाणाऱ्यांनीही वाचा, मटार आणि पराठ्यांचं खाली आहे, आणि मूळ कारण बरंचसं तेच आहे.

आधी हे समजून घ्या की फ्रीजर उणे १८ डिग्रीला असेल तर त्यात जंतू वाढत नाहीत. म्हणजे ज्याला आपण नासणं म्हणतो ते तिथे होत नाही, वर्षभर ठेवलेलं चिकनही त्या अर्थाने नासत नाही. पण दोन गोष्टी चालूच राहतात. एक म्हणजे चरबी आणि हवा यांची गाठ पडली की चरबी खवट होते, थंडीत हळू होते पण होते. दुसरी म्हणजे बर्फाची सरळ वाफ होऊन पदार्थ कोरडा पडतो, ते पांढरट, कापसासारखे डाग दिसतात ना चिकनच्या कडांना, ते हेच. त्यामुळे "फ्रीजरमधलं किती टिकतं" याला एकच उत्तर नाही, त्या पदार्थात चरबी किती आणि त्याला हवा किती लागते यावर सगळं आहे. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे, म्हणून सगळ्यात आधी तेच जातात. सुरमई त्याच दिवशी त्याच फ्रीजरमधे भरलेली असते तरी बरी निघते, आणि आपण म्हणतो हे कसं काय.

आता आमची चूक. आम्ही बांगडे साफ करायचो, धुवायचो, मीठ-हळद चोळायचो, दुकानातल्या पातळ पिशवीत भरून गाठ मारायचो आणि फ्रीजरमधे. आईने असंच केलं, सासूबाईंनी असंच केलं, त्यामुळे यात काही चुकत असेल असं डोक्यातच आलं नाही. पण मीठ लावलं की चरबी खवट व्हायचा वेग वाढतो. मीठ टिकवतं हे खरंच, पण ते खारवून उन्हात कडक वाळवलेल्या माशाबाबतीत, तिथे पाणी निघून गेलेलं असतं आणि तो वास-चव आपल्याला हवीच असते. ताज्या तेलकट माशाला थोडंसं मीठ लावून महिनोन्महिने गोठवणं हे दोन्हीकडून वाईट. माझी नेहमीची मासेवाली मावशी एकदा सहज म्हणाली, "मीठ आधी कशाला लावतेस बाय, काढशील तेव्हा लाव," तिच्याकडे कारण नव्हतं, तिचा अनुभव होता, आणि मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

दुसरी चूक ती पातळ पिशवी. तिच्यातून हवा आरपार जाते, वासही जातो, म्हणून शेजारच्या बर्फाच्या ट्रेला माशाचा वास लागतो. जर वास बाहेर येतोय तर हवा आत जातेय, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

गेल्या वर्षी मी एकदा करून बघायचं ठरवलं. १८ मेला दोन डझन बांगडे आणले, सगळे एकाच टोपलीतले, आणि चार-चारची सहा पाकिटं केली. दोन पाकिटं जुन्या पद्धतीने, मीठ-हळद आणि पातळ पिशवी. दोन पाकिटं बिनमिठाची, जाड झिपवाल्या पिशवीत हवा काढून. आणि दोन पाकिटं बर्फाचा थर देऊन, तो कसा द्यायचा ते सांगते. प्रत्येक प्रकारातलं एक-एक २० जुलैला काढलं म्हणजे साधारण नऊ आठवड्यांनी, श्रावण लागायच्या आधी, आणि उरलेलं एक-एक ३ सप्टेंबरला, म्हणजे साडेतीन महिन्यांनी.

नऊ आठवड्यांनी मीठवाल्याला वास सुरू झाला होता, रश्शात कोकम आणि तिरफळ असल्यामुळे लपला, तळला असता तर कळला असता. बाकी दोन्ही छान होते. साडेतीन महिन्यांनी मीठवालं पाकीट उघडलं तर पोटाकडची कड पिवळट तपकिरी, आणि कातडी थोडी उचलली तर खाली गंजासारखा पट्टा, हळदीचा पिवळा वेगळा दिसतो, हा मळकट असतो. ते टाकून दिलं. झिपवाल्या पिशवीतले पाठीकडे चांगले होते, पोटाकडे किंचित पिवळे, मी पोटाची कड कापून टाकून कालवणात वापरले. बर्फाचा थर दिलेले जवळजवळ ताज्यासारखे, फक्त जरा कोरडे. हे माझ्या एका घरातलं, एका फ्रीजरमधलं आहे, पण मला पुरेसं होतं. आता आमच्याकडे बांगडा जास्तीत जास्त दोन महिने, थर दिलेला असेल तर तीन, आणि तारली एक-दीड महिन्यात संपवायची असा नियमच आहे.

बर्फाचा थर द्यायचा म्हणजे असं. साफ केलेले बांगडे निथळून, पुसून, स्टीलच्या ताटात एकमेकांना न चिकटता मांडायचे आणि ताट उघडंच चार-पाच तास फ्रीजरमधे ठेवायचं, मासा टणक झाला पाहिजे, नखाने टकटक वाजला पाहिजे. मग एका पातेल्यात बर्फ घातलेलं गार पाणी घ्यायचं, मासा दोन-तीन सेकंद बुडवून लगेच काढायचा, डोळ्यांदेखत त्याच्यावर काचेसारखा पातळ थर धरतो. परत ताटात, पंधरा-वीस मिनिटं फ्रीजरमधे, परत बुडवायचा. असं तीनदा. मग पिशवीत भरायचं. तासाभराचं काम आहे पण अधेमधे करायचं, सतत उभं राहावं लागत नाही. कोलंबीला तर याहून सोपं, सोललेली कोलंबी डब्यात घालून बुडेपर्यंत पाणी ओतून सगळी लादीच गोठवायची, अशी सहा महिने मऊ आणि गोडसर राहते. फक्त डबा काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना फुगतं आणि झाकण उचकटतं.

पिशवीतली हवा काढायला यंत्र नसलं तरी चालतं. झिप एका कोपऱ्यात दोन बोटं उघडी ठेवायची आणि पिशवी पाण्याने भरलेल्या बादलीत हळूहळू खाली न्यायची, पाण्याच्या दाबाने पिशवी आतल्या वस्तूला चिकटते, पाणी झिपेपर्यंत आलं की कोपरा बंद करायचा. पहिल्यांदा बघाल तेव्हा आश्चर्य वाटेल किती हवा आत होती ते.

तिसरं कारण मात्र फ्रिजचंच निघालं, पण तो माणूस जे शोधत होता ते नव्हे. मी साधा थर्मामीटर आणला, दोन-तीनशे रुपयांत मिळतो, आणि रात्रभर दोन पाकिटांच्या मधे ठेवला. सकाळी उणे ११. म्हणजे बर्फ होतो, सगळं दगडासारखं लागतं, आपल्याला वाटतं चाललंय छान, पण उणे १८ आणि उणे ११ मधे खवट होण्याच्या वेगात खूप फरक पडतो. कारणं दोन सापडली. मागच्या बाजूला गार हवा यायची जी जाळी असते ती मी मटाराच्या पिशव्यांनी पूर्ण झाकली होती. आणि दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात सैल होतं, ते तपासायला दारात दहाची नोट अडकवून ओढायची, सहज सुटून आली तर तिथून गार हवा जातेय. रबर गरम पाण्याच्या फडक्याने पुसून जरा ओढून सरळ केलं, जाळीसमोर चार बोटं जागा सोडली, दोन दिवसांत काटा उणे १८ वर आला. थर्मामीटर नसेल तर आईस्क्रीमवरून अंदाज घ्या, डब्यातून चमचा लोण्यासारखा सहज जात असेल तर तुमचा फ्रीजर पुरेसा गार नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण बहुतेक जण यात फसतात. फ्रिजच्या दारावर जे तीन किंवा पाच स्टार चिकटवलेले असतात ते विजेच्या बचतीचे. फ्रीजर किती गार होतो त्याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. काही फ्रिजच्या फ्रीजरवर किंवा आतल्या माहितीपत्रकात वेगळ्या चांदण्या असतात, एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८, आणि चार असेल तर उणे १८ आहेच, वर ताजा माल गोठवण्याची ताकदही. एकाच दाराच्या फ्रिजमधे वर जो छोटा कप्पा असतो तो बरेचदा एक-दोन चांदणीचाच असतो, एक चांदणी असेल तर आठवड्याच्या आणि दोन असतील तर महिन्याच्या वर त्यात मासे-मटण ठेवायचा विचार करू नका, या पोस्टमधले पुढचे सगळे महिने तीन चांदणीवाल्यांसाठी आहेत.

आणि एका दिवशी सगळं भरू नका. मी दर मेमधे हावरटासारखं सहा-सात किलो एकदम भरायची, त्यामुळे मधलं पाकीट गोठायलाच दीड दिवस घ्यायचं आणि आधीचं गोठलेलंही जरा मऊ पडायचं. साध्या दोन दाराच्या फ्रिजला दिवसाला दोन-अडीच किलो नवीन माल बास. पाकिटं चपटी करा, बोटभर जाडीची, गोळा करू नका, चपटं पाकीट लवकर गोठतं, लवकर सुटतं आणि पुस्तकांसारखं उभं लावता येतं.

बाकीच्या माशांचं थोडक्यात. सुरमई, पापलेट चार महिने, रावस तीन. बोंबील ओला ठेवू नका, त्याच्यात पाणीच इतकं असतं की सुटल्यावर लगदा होतो, बोंबील सुकाच बरा. आणि बांगडा-तारलीबाबत एक धोका वासाच्या पलीकडचा आहे. हे मासे पकडल्यानंतर उन्हात, बर्फाशिवाय पडून राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो, आणि तो एकदा झाला की गोठवूनही जात नाही आणि तळून-शिजवूनही जात नाही. खाताना कधी जीभ चुरचुरते, खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. लोकांना वाटतं माशाची अॅलर्जी आली. म्हणून साठवायचा बांगडा घ्यायला जाताना डब्यात बर्फ घेऊनच जा, आणि पाटीवर बर्फ नसेल तर त्या दिवशी साठवणीचं घेऊ नका. असा त्रास झालाच, आणि श्वास लागत असेल किंवा चक्कर येत असेल तर घरी थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

चिकन-मटणाला मासळीपेक्षा जास्त मुदत मिळते. चिकनचे तुकडे नीट बांधलेले असतील तर सहा-सात महिने चव टिकते, नऊ महिन्यांपर्यंत लोक ठेवतात. मटण सहा महिने, चरबीचे गोळे काढून टाकले असतील तर अजून जरा. खिमा मात्र तीन महिने, कारण बारीक केल्यामुळे हवेचा संबंध सगळीकडे आलेला असतो, कलेजीही तेवढीच. शिजवलेलं सुकं किंवा रस्सा दोन-तीन महिने. दही-मीठ-आलं-लसूण लावून ठेवलेलं चिकन एका महिन्यात संपवा, इथेही तेच मीठ. आणि एका वेळेला घरात जेवढं शिजतं तेवढंच एका पाकिटात, आमच्याकडे अर्धा किलो, म्हणजे मोठा गोळा अर्धवट सोडवून उरलेला परत आत टाकायची वेळ येत नाही.

आता मटार. जानेवारीत स्वस्त झाले की सगळे पाच-पाच किलो सोलतात, तसेच कच्चे पिशवीत भरतात, आणि मार्चनंतर तक्रार असते की मटाराला वाळलेल्या गवताचा वास येतो, पिवळट पडले, शिजले तरी चामट. इथे खवटपणा वेगळ्या वाटेने येतो. कच्च्या भाजीत तिची स्वतःची विकरं म्हणजे एन्झाइम्स असतात, दाणे शेंगेतून सोलले तरी ती थांबत नाहीत आणि थंडीतही थोडं थोडं काम करत राहतात. ती मारायला उकळतं पाणी लागतं, नुसतं कोमट नाही. पाव किलो दाण्यांना दोन-अडीच लिटर पाणी खळखळ उकळू द्यायचं, दाणे टाकायचे, पाण्याला मिनिटभरात परत उकळी आली पाहिजे, आणि परत उकळी आल्यापासून दीड मिनिट मोजायचं. मोबाईलवर लावा, अंदाजाने नको. लगेच चाळणीत ओतून बर्फाच्या पाण्यात, तेवढाच वेळ. मग पंचावर पसरून पूर्ण कोरडे करून भरायचे. असे मटार पुढच्या मटारापर्यंत, म्हणजे आठ-दहा महिने हिरवेगार राहतात. उकळी परत यायला वेळ लागला कारण एकदम दोन किलो टाकले, तर अर्धवट गरम झालेला दाणा कच्च्यापेक्षाही लवकर बिघडतो, हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून थोडे थोडे टाका. लोक पाण्यात साखर घालतात रंगासाठी, घाला हवं तर, पण काम उकळीचं आणि वेळेचं आहे.

फरसबी आणि फ्लॉवरला तीन मिनिटं, गाजराच्या फोडींना दोन, पालकाला दोन. उकळायचंच नसेल तर कच्ची भाजी महिना-दीड महिन्यात संपवा, काही बिघडत नाही. खवलेला नारळ लोक भाजीसारखा समजून सहा महिने ठेवतात, पण त्यात चरबी बरीच असते, तो दोन-तीन महिन्यांत संपवलेला बरा.

पराठ्यांचा अनुभव माझ्या आईचा. बहीण जर्मनीत असते, आई तिच्याकडे तीन महिने राहून परत निघायच्या आधी साठ-सत्तर पराठे करून फ्रीजर भरून येते, आणि मग दोन महिन्यांनी बहिणीचा फोन, "आई, बटाट्याचे पराठे ओलेगच्च झालेत गं, मेथीचे मात्र मस्त." दोन्ही एकाच दिवशी केलेले. तर बटाट्याचं पाणी गोठून सुटताना वेगळं होतं आणि सारण चिकट, कणीदार लागतं. बटाटा उकडून गरम असतानाच सोलून कुस्करून परातीत पसरून वाफ पूर्ण जाऊ दिली तर बराच फरक पडतो, तरी ते महिन्याभरातच खाल्लेले बरे. मेथीचे, पालकाचे, साधे घडीचे दोन-तीन महिने. पुरणपोळी दोन महिने चांगली राहते. नारळ घातलेलं काहीही असेल तर महिन्याभरात.

आणि पराठे बिघडण्याचं मुख्य कारण सारण नाहीच, गरम गरम थर लावणं हे आहे. वाफ आत कोंडते, तिचा बर्फ होतो आणि तो सुटला की पाणी. तूप न लावता दोन्ही बाजू हलक्या शेकायच्या, चट्टे पडायच्या आधी काढायचा, जाळीवर एकेक गार करायचा, ताटात नाही, ताटात खालून घाम येतो. पूर्ण गार झाल्यावर मधे बटर पेपर घालून चार-चारची पिशवी, आणि अशा दोन-तीन पिशव्या एका मोठ्या पिशवीत. काढल्यावर सुटायची वाट बघू नका, गोठलेलाच मध्यम गरम तव्यावर टाका, वर झाकण दोन मिनिटं, मग झाकण काढून तूप सोडून खरपूस. आईने पुढच्या खेपेला असं केलं, आणि त्यावर निळ्या पेनाने नाही तर मार्करने तारीख घातली, आता बहीण बटाट्याचे आधी संपवते.

मासे-मटण सुटायला मात्र ओट्यावर ठेवू नका. वरून सुटतं, आत दगड, आणि सुटलेला भाग आपल्या हवेत चार-पाच तास तसाच. आदल्या रात्री खालच्या फ्रिजमधे काढा, किंवा घाई असेल तर बंद पिशवीसकट गार पाण्यात, अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी बदलत.

लाईट जाण्याचं एक. दार उघडलं नाही तर गच्च भरलेला मोठा फ्रीजर दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस गार राहतो, आपला फ्रिजच्या वरचा छोटा कप्पा त्याहून कमी. गावी जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर निश्चिंत, तळाशी जाऊन गोठलेलं असेल तर मधे सगळं वितळून परत गोठलंय. पाकिटावरूनही कळतं, सुटे भरलेले मटार एकच ढेकूळ झाले असतील किंवा चिकनच्या पाकिटाच्या तळाशी लाल पाणी गोठलेलं असेल तर तेच झालंय. मांस-मासळी असेल आणि किती वेळ वितळलं होतं माहीत नसेल तर टाकून द्या. लाईट तुमच्या समोर आली आणि आत अजून बर्फाचे कण असतील तर परत गोठवायला हरकत नाही, चव थोडी जाईल इतकंच.

आता लेबल, आणि हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण वरचं सगळं केलं तरी तारीख नसेल तर काहीच हाती लागत नाही. आमच्याकडे आधी मनात असायचं, "हे मेमधलं", पण फ्रीजरमधे तीन महिन्यांनी सुरमईचा तुकडा आणि रावसाचा तुकडा सारखाच दिसतो, खिमा आणि पुरण सारखं दिसतं, हे मी अगदी खरं सांगतेय, आम्ही एकदा संकष्टीला पुरण समजून खिमा सोडायला काढला होता.

सेलोटेप थंडीत सुटते, कागदी स्टिकर ओलसर पिशवीला धरत नाही, स्केचपेनची शाई पसरते आणि बॉलपेन उमटतच नाही. रंगकाम करणारे वापरतात ती कागदी मास्किंग टेप आणि पक्का मार्कर, हे चालतं. टेप पिशवी कोरडी आणि रिकामी असतानाच लावायची, भरल्यावर नाही, गोठल्यावर तर मुळीच नाही. त्यावर चार गोष्टी लिहायच्या, काय आहे, किती आहे, कधी भरलं, आणि कधीपर्यंत खायचं. ही शेवटची सगळ्यात महत्त्वाची, कारण नुसती भरल्याची तारीख बघून आपण हिशोब करत बसत नाही, "असू दे" म्हणून परत आत ढकलतो. माझं लेबल असं असतं: "बांगडा ४, बिनमीठ, १८ मे, २० जुलैपर्यंत." बिनमीठ लिहिते कारण एकदा मीठ लावलेल्याला परत मीठ लावलं गेलं होतं. मराठीत लिहा, घरात जे स्वयंपाक करतात, मदतीला येतात, त्या सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.

शिवाय दारावर एक वहीचा कागद, त्यावर तीच यादी, पाकीट काढलं की रेघ मारायची. यामुळे दार उघडं ठेवून शोधाशोध थांबते, आणि थर्मामीटरचा काटाही त्यामुळे हलत नाही. नवीन पाकीट मागे किंवा खाली, जुनं पुढे. या वर्षी मी यादी संपायच्या तारखेप्रमाणे लावलीय, त्यामुळे मेमधेच दिसलं की श्रावणात तसंही आमच्याकडे महिनाभर मासे नाहीत, मग दोन डझन बांगडे भरायचेच कशाला, जुलैपर्यंत पुरतील असे बाराच घेतले आणि सप्टेंबरसाठी कोलंबीची लादी आणि सुरमई ठेवली.

आणि आत्ता तुमच्या फ्रीजरमधे बिनतारखेची पाकिटं असतील, सगळ्यांच्याच असतात, तर आज सगळी बाहेर काढून बघा. पांढरे कोरडे डाग थोडे असतील तर ते कापून टाकून रस्सा करा, तब्येतीला काही होत नाही. तेलकट मासा असेल तर एक तुकडा सुटू द्या, पोटाची कड आणि कातडीखालचा रंग बघा, कच्चाच वास घ्या, शिजवायची वाट बघू नका, मसाल्यात कळत नाही. पिवळा मळकट पट्टा दिसला की सगळं पाकीट टाका. जे ओळखू आलं त्यावर आजची तारीख घालून पंधरा दिवसांची मुदत लिहा, आणि जे काय आहे तेच ओळखता येत नाही, ते परत आत ठेवू नका.